आठ ठिपके, आठ बाण

क्षयरोग आणि ब्रॉन्कायटिस यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? म्हणजे एखाद्याला क्षय आहे असं कळलं, तर त्याला ब्रॉन्कायटिस असण्याची शक्यता वाढते, घटते की होती तिथेच राहते? पुढे ज्या नमुन्याबद्दल लिहिणार आहे, त्यात या एका प्रश्नाची बरीच उत्तरं निघतात. माणसाबद्दल दुसरं काहीच ठाऊक नसेल, तर संबंध नाही. त्याला धाप लागते एवढं ठाऊक असेल, तर संबंध आहे. त्याच्या छातीत क्षय किंवा कर्करोग यांपैकी निदान एक तरी आहे एवढंच कळलं, तरीही संबंध आहे. आणि त्याच्या जोडीला तो सिगारेट ओढतो की नाही हेही कळलं, की संबंध पुन्हा तुटतो. माणूस तोच, रोग तेच. बदललं ते आपल्याला त्याच्याविषयी काय माहीत आहे एवढंच.

ही सगळी उत्तरं एक चित्र समोर ठेवून, एकही गुणाकार न करता देता येतात. चित्राला म्हणतात बिलीफ नेटवर्क किंवा बेझियन नेटवर्क, आणि ते वाचायच्या रीतीला डी-सेपरेशन. संगणकशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत हा प्रश्न ठरलेला असतो. २०२४ पासून ‘गेट’ परीक्षेत डेटा सायन्स आणि एआय हा स्वतंत्र पेपर सुरू झाला, त्याच्या अभ्यासक्रमातही सशर्त स्वातंत्र्य आहे. नियम तीन ओळींचा आहे, तरी गुण जातात. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ते एकाच जागी जातात. त्या जागेपाशी आपण जरा जास्त वेळ थांबू.

नमुना १९८८ सालचा आहे. स्टेफन लॉरिट्सन आणि डेव्हिड स्पीगलहॉल्टर या दोघांनी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला आणि त्यात उदाहरणादाखल आठ गोष्टींचं एक छोटं जाळं मांडलं. पुढे ते ‘एशिया’ नेटवर्क म्हणून ओळखलं जाऊ लागलं. कारण त्यातली पहिली गोष्ट अशी: रुग्ण अलीकडे आशियात जाऊन आला आहे का? लिहिणारे युरोपातले, त्यामुळे आशियाचा प्रवास हे त्यांच्या लेखी क्षयाचं एक कारण. आपण सगळे कायमचेच आशियात, तेव्हा हा ठिपका आपल्या उपयोगाचा नाही, पण उदाहरण इतकं नेटकं आहे की ते तसंच घेतो. त्यातले आकडेही लेखकांनी समजावून सांगण्यापुरते कल्पिलेले आहेत. त्यांवरून कुणी आपल्या छातीचं निदान करू नये.

चित्र असं:

```
प्रवास    → क्षय
धूम्रपान  → कर्करोग
धूम्रपान  → ब्रॉन्कायटिस
क्षय      → एक-तरी ← कर्करोग
एक-तरी    → एक्स-रे
एक-तरी    → धाप ← ब्रॉन्कायटिस
```

‘एक-तरी’ हा मधला ठिपका म्हणजे ‘क्षय आणि फुप्फुसाचा कर्करोग यांपैकी निदान एक आहे’. एक्स-रे बघून डॉक्टरला छातीत काही तरी गडबड आहे हे कळतं, पण ती कोणत्या रोगाची हे कळत नाही. म्हणून हा ठिपका ठेवलेला. एक्स-रे सदोष येणं त्याच्यावर अवलंबून. धाप मात्र त्याच्यावरही अवलंबून आणि ब्रॉन्कायटिसवरही.

या जाळ्याची पहिली कमाई हिशेबाची आहे. आठ गोष्टी, प्रत्येकीची उत्तरं होय किंवा नाही, म्हणजे एकूण २५६ प्रकारची माणसं. सगळ्या शक्यतांची बेरीज एक असल्यामुळे २५५ आकडे वेगवेगळे शोधावे लागले असते. जाळ्यात प्रत्येक ठिपक्याला फक्त त्याच्या पालकांची, म्हणजे ज्यांच्यापासून बाण येतो त्यांची, माहिती पुरते. प्रवासाला एक आकडा, क्षयाला दोन, धूम्रपानाला एक, कर्करोगाला दोन, ब्रॉन्कायटिसला दोन, एक-तरीला चार, एक्स-रेला दोन, धापेला चार. एकूण १८. २५५ चे १८ झाले ते फुकट नाहीत. जिथे बाण काढला नाही, तिथे आपण ‘इथे थेट संबंध नाही’ असं विधान केलेलं आहे. बाण काढणं सोपं असतं. न काढलेल्या बाणाची जबाबदारी जास्त.

ही विधानं एकत्र केली की त्यांतून आणखी कोणती विधानं आपोआप निघतात, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर ज्युडिआ पर्ल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत शोधलं. पर्ल यांचं १९८८ चं पुस्तक या विषयाचं मूळ पुस्तक मानतात. २०११ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. डी-सेपरेशनमधला ‘डी’ दिशेचा, म्हणजे बाणांच्या दिशेचा.

रीत अशी. दोन ठिपके घ्या. त्यांच्यामधल्या सगळ्या वाटा काढा. वाट शोधताना बाण कुठल्या दिशेला आहे हे पाहायचं नाही, उलटसुलट कसंही चालायचं. मग प्रत्येक वाट बंद आहे की उघडी ते ठरवायचं. सगळ्याच्या सगळ्या वाटा बंद असतील, तर दोन्ही गोष्टी स्वतंत्र. एक जरी उघडी राहिली, तर स्वातंत्र्याची हमी गेली. वाट बंद की उघडी हे वाटेतल्या प्रत्येक मधल्या ठिपक्यावर ठरतं, आणि मधला ठिपका तीनच प्रकारचा असू शकतो.

पहिला प्रकार साखळीचा: प्रवास → क्षय → एक-तरी. माणूस आशियात जाऊन आला हे कळलं की क्षयाची शक्यता वाढते, आणि तिच्यामागोमाग एक-तरीची. पण क्षय आहे की नाही हेच तपासून कळलं असेल, तर प्रवासाची माहिती निरुपयोगी. तिला जे सांगायचं होतं, ते क्षयामार्फतच सांगायचं होतं. मधला ठिपका माहीत झाला की वाट बंद.

दुसरा प्रकार फाट्याचा: कर्करोग ← धूम्रपान → ब्रॉन्कायटिस. कर्करोग ब्रॉन्कायटिस करत नाही, तरी दोन्ही एकत्र आढळतात, कारण मूळ एक आहे. लॉरिट्सन आणि स्पीगलहॉल्टर यांच्या आकड्यांत निम्मे लोक धूम्रपान करणारे, त्यांच्यात ब्रॉन्कायटिस ६० टक्के, बाकीच्यांत ३० टक्के. म्हणजे सरसकट ४५ टक्के. पण ज्याला कर्करोग आहे अशा माणसात ब्रॉन्कायटिसची शक्यता ५७ टक्क्यांच्या वर जाते, कारण तो बहुधा धूम्रपान करणारा असतो. आता तो धूम्रपान करतो हे ठाऊकच असेल, तर कर्करोग असो वा नसो, ब्रॉन्कायटिस ६० टक्केच. इथेही मधला ठिपका कळला की वाट बंद.

दोन्ही प्रकारांत नियम एकच असल्यामुळे हात त्याला सरावतो: कळलं की बंद. आणि तिसऱ्या प्रकारात नेमका उलटा नियम आहे.

तिसरा प्रकार म्हणजे जिथे दोन बाण समोरासमोरून येऊन एका ठिपक्यावर आदळतात: क्षय → एक-तरी ← कर्करोग. याला कोलायडर म्हणतात. हा ठिपका माहीत नसताना वाट बंद असते. कुणाला क्षय आहे एवढ्यावरून त्याच्या कर्करोगाबद्दल काहीच कळत नाही. दोन्ही रोग आपापल्या वाटेने येतात. पण परिणाम कळला की दोन कारणं एकमेकांशी बांधली जातात. वाड्यात चोरी झाली, संशय दोघांवर. एकाने कबुली दिली की दुसऱ्यावरचा संशय आपोआप ढिला पडतो, मग त्या दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसो. चोरी झाल्याचं माहीतच नसतं, तर एकाच्या वागण्यावरून दुसऱ्याबद्दल कुणी काही बोललं नसतं.

हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. आशियाला जाऊन आलेले लोक एक टक्का. त्यांच्यात क्षय पाच टक्के, इतरांत एक टक्का. म्हणून सरसकट क्षय ०.०१ × ०.०५ + ०.९९ × ०.०१, म्हणजे ०.०१०४. कर्करोग धूम्रपान करणाऱ्यांत दहा टक्के, न करणाऱ्यांत एक टक्का, म्हणून सरसकट ५.५ टक्के. दोन्ही नसण्याची शक्यता ०.९८९६ × ०.९४५, म्हणजे ०.९३५२, एक-तरी असण्याची उरलेली ०.०६४८. एक्स-रे एक-तरी असेल तर ९८ टक्के वेळा सदोष दिसतो आणि नसेल तरी पाच टक्के वेळा दिसतो. म्हणजे सदोष एक्स-रेची एकूण शक्यता ०.९८ × ०.०६४८ + ०.०५ × ०.९३५२, सुमारे ०.११०३.

आता एका रुग्णाचा एक्स-रे सदोष आला. कर्करोगाची शक्यता किती? ०.९८ × ०.०५५ भागिले ०.११०३, म्हणजे जवळजवळ ४९ टक्के. ५.५ वरून ४९. घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकेल असा आकडा. मग कुणी तरी सांगतं की हा माणूस नुकताच आशियातून आला आहे. हिशेब पुन्हा केला तर कर्करोगाची शक्यता ३७ टक्क्यांवर येते. प्रवासाने कर्करोग बरा होत नाही. पण एक्स-रेवरच्या डागाचं दुसरं एक कारण आता जास्त पटण्यासारखं झालं. पुढे थुंकीची तपासणी होऊन क्षय नक्की ठरला, तर कर्करोगाची शक्यता थेट ५.५ टक्क्यांवर परत येते, म्हणजे एक्स-रे काढण्याआधी होती तिथे. डागाचा खुलासा क्षयाने पुरता केला. कर्करोगाकडे बोट दाखवणारं काही उरलं नाही. इंग्रजीत या घटनेला एक्सप्लेनिंग अवे म्हणतात आणि वर्गात तोच शब्द रूढ आहे.

या हिशेबात एक बारकावा आहे. आपल्याला एक-तरी हा ठिपका कळलाच नव्हता. कळला होता फक्त एक्स-रे, आणि एक्स-रे हा कोलायडर नाही, कोलायडरचा वंशज आहे. तरी वाट उघडली. म्हणून नियम पुरता असा आहे: कोलायडर किंवा त्याचा कोणताही वंशज माहीत झाला, की ती वाट त्या जागी उघडते. उत्तरपत्रिकांमध्ये हा ‘किंवा वंशज’ सगळ्यात जास्त वेळा गळतो. विद्यार्थी कोलायडर ओळखतो, तो दिलेल्या यादीत आहे का बघतो, नाही असं दिसलं की ‘वाट बंद’ लिहून पुढे जातो. एकच बाण खाली बसलेल्या एक्स-रेकडे त्याचं लक्ष जात नाही. उलट पूर्वजांना ही सवलत नाही. प्रवास किंवा धूम्रपान कळल्याने क्षय आणि कर्करोग यांच्यामधलं एक-तरी उघडत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ: क्षय आणि ब्रॉन्कायटिस. त्यांच्यामध्ये वाटा दोन. एक वाट खालून: क्षय → एक-तरी → धाप ← ब्रॉन्कायटिस. दुसरी वरून वळसा घेऊन: क्षय → एक-तरी ← कर्करोग ← धूम्रपान → ब्रॉन्कायटिस. तिसरी नाही, एक्स-रेकडे गेलेला रस्ता तिथेच संपतो आणि प्रवासाकडे गेलेलाही.

काहीच माहीत नसताना खालची वाट धापेपाशी बंद, कारण तिथे दोन बाण आदळतात. वरची वाट एक-तरीपाशी बंद, त्याच कारणाने. दोन्ही बंद, म्हणून स्वतंत्र.

धाप कळली. खालच्या वाटेवर धाप हा कोलायडर, तो उघडला. एक-तरी त्या वाटेवर साखळीतला आहे आणि माहीत नाही, म्हणून तोही उघडा. वाट पुरी उघडी, काम संपलं, उत्तर ‘स्वातंत्र्याची हमी नाही’. वरची वाट बघायचीही गरज नाही, जरी तीही उघडलेली आहे, कारण धाप ही एक-तरीची वंशज.

आता एक-तरी कळलं असं धरा. परीक्षकांना हा प्रश्न आवडतो आणि का आवडतो ते लगेच दिसेल. खालच्या वाटेवर एक-तरी साखळीतला ठिपका आहे, कळला की वाट बंद. शिवाय धाप माहीत नसल्यामुळे ती तिथेही बंदच आहे. वरच्या वाटेवर मात्र तोच एक-तरी कोलायडर आहे, कळला की वाट उघडली. पुढे कर्करोग साखळीत, माहीत नाही, उघडा. धूम्रपान फाट्यावर, माहीत नाही, उघडा. एकाच ठिपक्याने एक दार लावलं आणि दुसरं उघडलं. कोलायडर असणं हा ठिपक्याचा कायमचा गुण नाही, त्या वाटेवरच्या त्याच्या जागेचा गुण आहे. ‘या ग्राफमधले कोलायडर कोणते’ अशी आधी यादी करून बसणाऱ्याची गाडी नेमकी इथे घसरते.

उत्तर खरं आहे का? आकडे सांगतात. एक-तरी नक्की आहे एवढंच ठाऊक असेल, तर तो माणूस धूम्रपान करणारा असण्याची शक्यता ८४ टक्के होते, कारण एक-तरीमागे बहुतेक वेळा कर्करोगच असतो. त्यावरून ब्रॉन्कायटिस ५५ टक्क्यांच्या थोडी वर. आता कळलं की त्याला क्षय आहे. एक-तरीचा खुलासा झाला, कर्करोगावरचा संशय गेला, त्याबरोबर धूम्रपानाचा संशय निम्म्यावर आला, आणि ब्रॉन्कायटिस ४५ टक्क्यांवर उतरला. क्षयाची बातमी चार बाण ओलांडून ब्रॉन्कायटिसपर्यंत पोचली, आणि ती पोचली ती वरच्या वाटेने. धूम्रपान आधीच ठाऊक असतं, तर ती फाट्यावर अडली असती आणि ब्रॉन्कायटिस हलला नसता. म्हणून एक-तरी आणि धूम्रपान दोन्ही दिले की क्षय आणि ब्रॉन्कायटिस पुन्हा स्वतंत्र. त्यात धाप वाढवून दिली तरी स्वतंत्रच: खालच्या वाटेवर धापेचं दार उघडतं हे खरं, पण त्याच वाटेवर एक-तरीचं दार लावलेलं आहे, आणि वाट बंद व्हायला एक बंद दार पुरतं.

वाटा दोनच होत्या म्हणून हे सुखाने झालं. जाळं मोठं झालं की वाटा हाताने मोजताना एखादी सुटते, आणि सुटलेली वाट नेमकी उघडी निघते. त्यावर लॉरिट्सन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली दुसरी रीत आहे. उत्तर पडताळून पाहायला ती मला जास्त भरवशाची वाटते, कारण तिच्यात वाटा मोजाव्याच लागत नाहीत.

प्रश्नात ज्यांचा उल्लेख आहे ते ठिपके आणि त्यांचे सगळे पूर्वज एवढेच ठेवायचे, बाकी चित्र खोडायचं. क्षय, ब्रॉन्कायटिस आणि एक-तरी यांच्यासाठी उरतात प्रवास, क्षय, धूम्रपान, कर्करोग, ब्रॉन्कायटिस, एक-तरी. एक्स-रे आणि धाप गेले. मग ज्या दोन ठिपक्यांचं अपत्य एक आहे पण ज्यांच्यामध्ये रेघ नाही, त्यांना रेघेने जोडायचं. इथे क्षय आणि कर्करोग. मग सगळ्या बाणांची टोकं पुसून साध्या रेघा करायच्या. शेवटी जे माहीत आहे ते ठिपके, म्हणजे एक-तरी, त्यांच्या रेघांसह काढून टाकायचे. आता बघायचं की क्षयापासून ब्रॉन्कायटिसपर्यंत पेन्सिल न उचलता जाता येतं का. क्षय, कर्करोग, धूम्रपान, ब्रॉन्कायटिस: येतं. म्हणून स्वातंत्र्य नाही. धूम्रपानही काढून टाकलं, तर ब्रॉन्कायटिस एकटा पडतो, जाता येत नाही, स्वतंत्र. वंशजांची भानगड पहिल्याच पायरीत मिटते, कारण माहीत असलेला वंशज चित्रात राहतो आणि स्वतःबरोबर आपल्या पूर्वजांना, म्हणजे कोलायडरलाही, चित्रात ठेवतो. या रीतीत एकच चूक होते: आधी जोडायचं की आधी खोडायचं याचा क्रम उलटतो. एक-तरी आधीच काढून टाकला, तर क्षय आणि कर्करोग यांना जोडायचं कारणच दिसत नाही, आणि उत्तर चुकतं.

कोलायडर फक्त परीक्षेत फसवत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये दाखवलं की नुसत्या दाखल रुग्णांची नोंदवही चाळली, तर एरवी एकमेकांशी संबंध नसलेले दोन आजारही तिथे जोडलेले दिसू शकतात. त्यांचं उदाहरण पित्ताशयाची सूज आणि मधुमेह यांचं होतं. दोन्ही आजार माणसाला रुग्णालयात आणतात; रुग्णालयात दाखल होणं हा कोलायडर. नोंदवही उघडली त्याच क्षणी आपण तो ‘माहीत’ करून घेतला. इथे अट कुणी सूत्रात लिहिलेली नसते, ती नमुना कुठून घेतला यात दडलेली असते, म्हणून ती शोधणं जास्त अवघड. रुग्णालय, पदवीधरांची यादी, प्रश्नावली भरून पाठवणारेच लोक: अशा ठिकाणी दोन गुणांमध्ये अनपेक्षित नातं दिसलं, तर त्या यादीत येण्याचा ठिपका काढावा आणि त्याच्यावर किती बाण येतात ते बघावं.

डी-सेपरेशनच्या मर्यादा दोन, आणि दोन्ही प्रश्नाच्या शब्दांत लपलेल्या सापडतात. पहिली अशी की हमी एकाच दिशेची आहे. सगळ्या वाटा बंद असतील, तर आकडे कोणतेही भरा, त्या गोष्टी स्वतंत्र निघणारच. वाट उघडी असेल, तर मात्र ‘अवलंबून आहेतच’ असं नव्हे. आकडे अगदी जुळवून भरले, तर दोन वाटांवरचे परिणाम एकमेकांना मारूनही टाकू शकतात. असे आकडे विरळा, पण ‘खालीलपैकी कोणतं विधान नेहमी खरं आहे’ असं विचारणाऱ्याला ते पुरतात. ‘क्षय आणि कर्करोग एक्स-रे दिल्यावर नक्कीच अवलंबून असतात’ हा पर्याय निव्वळ ग्राफ दिलेल्या प्रश्नात चूक ठरतो.

दुसरी मर्यादा आपल्याच जाळ्यात आहे. डी-सेपरेशन ठिपका कळला की नाही एवढंच बघतं, काय कळलं ते बघत नाही. एक-तरी कळल्यावर क्षय आणि कर्करोग जोडले जातात असं आपण म्हटलं. पण कळलं ते उत्तर ‘नाही’ असेल तर? मग दोन्ही रोग नाहीत हे नक्की झालं, आणि नक्की झालेल्या गोष्टींत एकीवरून दुसरीबद्दल नवं काही कळायचं उरत नाही. संबंध दिसतो तो फक्त उत्तर ‘होय’ असताना. एक-तरी हा शक्यतेने नव्हे तर ठाम नियमाने ठरणारा ठिपका असल्यामुळे असं होतं. त्याच्या तक्त्यातले चारही आकडे शून्य किंवा एक आहेत, आणि आपल्या १८ आकड्यांपैकी खरोखर मोजून आणायचे म्हणून १४च उरतात. ग्राफवर हे कुठेच दिसत नाही. त्यामुळे प्रश्नात नुसतं चित्र असेल तर चित्रावरूनच उत्तर द्यावं. पण शेजारी तक्ते छापलेले असतील आणि त्यांत शून्य किंवा एक दिसत असेल, तर पेन्सिल उचलण्याआधी तो तक्ता एकदा वाचावा.